कथा : मापाचा ब्लाऊज

अनुराधा_सोलापूर

ही कथा माझ्या माहेरच्या गल्लीत पाहिलेल्या गोष्टींवरून लिहिली आहे, मात्र तिच्यातील माणसे माझ्या कल्पनेतील आहेत. कथेचा सगळा भार ब्लाऊजच्या मुंढ्याच्या एका प्रसंगावर आहे आणि मी स्वतः शिवणकाम जेमतेम जाणते. म्हणून शिवणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी तो प्रसंग तपासून द्यावा, अशी विनंती आहे.

मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, पुढच्या वर्षी मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि शालनबाईंच्या घरातली रस्त्याकडची खोली रिकामी झाली. काही महिने त्या तिथे केर काढण्यापुरत्याच जात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पायमशीनवर २८ वर्षे गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवण्यात दिवस गेले होते. मुलांच्या फीमध्ये त्या मशीनचाही वाटा होता. आता ५४ व्या वर्षी त्यांनी ते मशीन उचलून रस्त्याकडच्या खोलीत आणले, आणखी तीन जुनी मशीन घेतली, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाला जोडून एक जुने दार विटांच्या थरावर आडवे टाकले आणि कमरेइतक्या उंचीचे बेतायचे टेबल तयार केले. जूनमध्ये दारावर ‘शिवण वर्ग’ अशी पाटी लागली.

पहिल्या तुकडीत पाच जणी आल्या. त्यांतली नागमणी कुंभारीच्या विडी घरकुलातून यायची. ती ३१ वर्षांची होती आणि मराठी बोलताना मधूनच तेलुगूत शिरायची. पहिले आठ दिवस शालनबाईंनी कोणालाच दोरा ओवू दिला नाही. वहीच्या रेघांवर नुसती सुई चालवायची, रेघेवरच भोके पडली पाहिजेत, आणि पाय थांबला तरी चाक उलटे फिरता कामा नये. इतर चौघींना दोन-तीन दिवसांत ते साधले. नागमणीचे चाक मात्र सारखे उलटे फिरायचे. कागदी बेतणी सुरू झाली तेव्हा चित्र पालटले. मुंढ्याची गोलाई कापताना इतरांच्या कागदाला दाते पडत होते, आणि नागमणीची कात्री मात्र वळणावर एकदाही न थांबता फिरून आली.

“कुठे शिकलीस?” शालनबाईंनी विचारले.

“विडीचं पान कापतो की बाई. पत्र्याचं माप ठेवायचं आणि पान कापायचं. लहानपणापासनं तेच.”

दुसऱ्या महिन्यात ब्लाऊजला सुरुवात झाली. शालनबाईंनी सगळ्यांना मापाचा ब्लाऊज आणायला सांगितले. चौघींनी आणला. नागमणीकडे अंगाला नीट बसणारा एकही ब्लाऊज नव्हता, कारण ती बाजारातले तयार ब्लाऊज घ्यायची. तेव्हा शालनबाईंच्या लक्षात आले की अंगावर टेप लावून आपण शेवटचे माप कधी घेतले तेही आठवत नाही. गिऱ्हाईक मापाचा ब्लाऊज पुढे टाकायचे, “याच्यासारखाच, फक्त अर्धा इंच सैल” असे सांगायचे आणि त्यावरून काम व्हायचे. त्या ब्लाऊजमधला दोषही मापासोबत नव्या कापडात उतरत असणार, हा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता.

त्यांनी लग्नाआधी शिकताना लिहिलेली वही काढली. छातीचा चौथा भाग घ्यायचा आणि त्यातून तीन इंच वजा करायचे, म्हणजे मुंढ्याची उंची मिळते. नागमणीची छाती ३८ होती. साडेनऊमधून तीन गेले, साडेसहा उरले. मुंढा काचला अशी तक्रार येऊ नये म्हणून शालनबाई सवयीने पाऊण इंच वाढवत, तसे त्यांनी इथेही वाढवले आणि सव्वासातवर खूण केली.

ब्लाऊज शिवून झाला. नागमणी सरळ उभी राहिली तेव्हा तो अगदी अंगासरशी दिसत होता. तिने खिडकीवरच्या खुंटीवरची पिशवी काढायला हात वर केला आणि ब्लाऊजची खालची पट्टी दोन बोटे वर सरकली. शालनबाई म्हणाल्या, “मुंढा कमी पडतोय.” त्यांनी बाही उसवली, मुंढा आणखी अर्धा इंच खोल कापला आणि बाही पुन्हा लावली. आता पट्टी तीन बोटे वर गेली.

“बाई, हात खाली असला की कुठंबी काचत नाही,” नागमणी म्हणाली. “वर केला की सगळा ब्लाऊजच हातासंगं येतो.”

बाजूच्या शिवणीत शालनबाईंनी दीड-दीड इंच माया ठेवली होती, पण मुंढ्याला माया नसते. तिथे एकदा कात्री फिरली की कापड गेले ते गेले.

रात्री त्यांनी आरशासमोर स्वतःचे ब्लाऊज एकेक करून घालून पाहिले. प्रत्येक ब्लाऊज वर जात होता. फडताळावरची बरणी काढण्याआधी ब्लाऊज खाली ओढून धरण्याची त्यांच्या डाव्या हाताला सवय होती आणि ब्लाऊज असाच असतो असे त्या धरून चालल्या होत्या. मुलीचा एक ब्लाऊज कपाटात राहिला होता, बाहेर शिवलेला. त्याचा मुंढा त्यांनी मोजला. मुलीची छाती ३६ होती आणि मुंढा पावणेसहा. त्यांच्या हातून तो पावणेसात झाला असता.

त्यांनी मुलीला फोन लावला. “तू कॉलेजात गेल्यापासून ब्लाऊज बाहेर का शिवत होतीस?”

“तुला किती काम असायचं, आई.”

“खरं सांग.”

थोडा वेळ पलीकडून काहीच आले नाही. मग मुलगी म्हणाली, “बसमध्ये वरचा दांडा धरला की ब्लाऊज वर जायचा. तुला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं.”

दुसऱ्या दिवशी शालनबाईंनी वर्गाला सांगितले की आपण मुंढा चुकीचा शिकवला. त्यांनी नागमणीला काखेत आडवी पट्टी धरायला लावली आणि खांद्यापासून पट्टीपर्यंत टेप लावली. माप पावणेसहा आले. त्यात अर्धा इंच मिळवून सव्वासहावर खूण केली आणि कापड वाया जायला नको म्हणून आधी मांजरपाटावर बेतले. बाहीची टोपी, म्हणजे बाहीच्या वरच्या गोलाईची उंची, साडेतीन इंचांवरून तीनवर आणली आणि बाहीची रुंदी अर्धा इंच वाढवली. कच्चे टाके घालून ब्लाऊज नागमणीच्या अंगावर चढवला. तिने हात वर केला. पट्टी जराशी हलली आणि जागेवर राहिली. नागमणीने दुसरा हातही वर केला आणि तशीच उभी राहिली.

त्याच दुपारी गल्लीतल्या एक बाई पिशवीत मापाचा ब्लाऊज घेऊन आल्या. “याच्यासारखाच,” त्या म्हणाल्या. शालनबाईंनी तो घडी करून बाजूला ठेवला आणि गळ्यातली टेप काढली.

भास्कर_मास्तर

मी सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिवणविद्या शिकवून निवृत्त झालो. मुंढ्याचा प्रसंग बरोबर आहे. मुंढा खोल असला की बाही बगलेच्या बरीच खाली बाजूच्या शिवणीला जोडली जाते, त्यामुळे हात वर जाताना बाजूचे कापड आणि त्यासोबत खालची पट्टी वर ओढली जाते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात बाहीत फिरतो आणि अंगाचे कापड जागेवर राहते. शिकणाऱ्याला हे नेहमी उलटे वाटते, कारण ओढ बसली की आणखी कापावे असेच मनात येते.

वहीतल्या सूत्राबद्दल थोडे सांगतो. चौथ्या भागातून तीन वजा करणे हे ३४ ते ३८ छातीपर्यंत बऱ्यापैकी चालते; शालनबाईंची मुख्य चूक त्या सवयीच्या पाऊण इंचाची आहे. ४० च्या पुढे मात्र सूत्रच फसते. ४६ छातीला ते साडेआठ इंच मुंढा देते. छाती वाढते ती बहुतेक पुढच्या बाजूने वाढते आणि खांद्यापासून काखेपर्यंतचे अंतर त्या प्रमाणात वाढत नाही. अशा बाईच्या अंगावर मोजले तर ते अनेकदा साडेसहा-सातच्या आसपास भरते. म्हणून काखेत पट्टी धरून मोजण्याची तुमच्या कथेतली रीत मला योग्य वाटते.

एक दुरुस्ती हवी आहे. मुंढा सव्वासातवरून सव्वासहावर आला म्हणजे त्याचा घेर दीड ते दोन इंचांनी कमी झाला. टोपी उतरवली तरी बाही अर्धा इंच रुंदही केली आहे, तेव्हा बाहीची गोलाई टेप उभी धरून पुन्हा मोजायला हवी. ती मुंढ्यापेक्षा फार मोठी राहिली तर बाही लावताना चुण्या पडतात आणि नवशिकी मुलगी त्या ताणून दाबून टाकते. शालनबाई दोन्ही गोलाया मोजून पाहतात, असे एक वाक्य घालावे. शिवाय टोपी कमी केली की हात मोकळा होतो, पण हात खाली असताना काखेपाशी थोड्या वळ्या दिसतात. नागमणीच्या ब्लाऊजला त्या दिसल्या असत्या.

सुलभा_काकू

कथा आवडली, पण मास्तरांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. मी गेली अनेक वर्षे घरी शिवते आणि माझी बरीच गिऱ्हाइके जाड अंगाची आहेत. त्यांचा मुंढा खोल ठेवला नाही तर ब्लाऊज परत येतो आणि “दंडाला काचतो” असे ऐकावे लागते. बारीक अंगाला सव्वासहा चालत असेल. जाड बाईला खोल मुंढाच लागतो, हा माझा अनुभव आहे.

भास्कर_मास्तर

सुलभाताई, तक्रार खरी आहे, पण ती दंडाची आहे हे तुम्हीच लिहिले आहे. दंडाला काचत असेल तर बाहीची रुंदी वाढवायची असते. मुंढा खोल केल्यावर बाहीही आपोआप रुंद होते, म्हणून गिऱ्हाइकाला बरे वाटते आणि आपल्याला वाटते की मुंढ्याने काम केले. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला आधी हात खाली सोडून उभे करा. तेव्हाच काखेत कापड रुतत असेल तर मुंढा खरोखर लहान आहे. हात खाली असताना काही होत नाही आणि वर केल्यावर पट्टी उचलली जाते, तर मुंढा खोल आहे. हात पुढे घेऊन टाळी वाजवताना पाठीवर ओढ बसत असेल तर मुंढ्याला हात लावू नका, पाठ अरुंद आहे.

रोहिणी_अक्कलकोट

शालनबाईंचा वर्ग नेमका कोठे आहे आणि फी किती आहे, हे कृपया सांगावे. माझ्या धाकट्या बहिणीला शिकायचे आहे आणि तिला बाही लावताना नेमकी हीच अडचण येते.

अनुराधा_सोलापूर

रोहिणीताई, शालनबाई कथेतल्या आहेत, त्यामुळे तसा वर्ग मला दाखवता येणार नाही. बहिणीसाठी वर्ग पाहाल तेव्हा तिथे अंगावर माप घ्यायला शिकवतात की मापाच्या ब्लाऊजवरूनच बेततात, एवढे आधी विचारा. मास्तर, गोलाया मोजण्याचे वाक्य आणि काखेतल्या वळ्या दोन्ही घालते. नागमणीच त्या वळ्या दाखवेल, असे मनात आहे.

वंदना_नाशिक

मी स्वतः ५६ व्या वर्षी वर्ग सुरू केला. दोन्ही मुले परदेशी गेल्यावर घरात आवाजच उरला नव्हता, त्यामुळे कथेचा पहिला परिच्छेद मी दोनदा वाचला. शालनबाईंनी पायमशीन घेतली हे फार बरे केले. मी उत्साहाने एकदम दोन विजेची जुकी मशीन घेतली, तीही जुनी आणि क्लच मोटरची. त्या मोटरला पायाचा जरासा दाब बसला की मशीन झेप घेते. पहिल्याच आठवड्यात एका मुलीच्या बोटातून सुई गेली आणि ती परत आली नाही. मला आजही तिच्याविषयी अपराधी वाटते. नंतर मी दोन्ही मोटर काढून सर्व्हो मोटर बसवल्या, त्यांचा वेग कमी करून ठेवता येतो आणि पाय उचलला की मशीनचा आवाजही बंद होतो. आता माझ्याकडे प्रत्येक जण आधी पायमशीनवर एक महिना काढते.

दुसरी गोष्ट म्हणजे उसवणे. कथेत शालनबाई स्वतः बाही उसवतात. माझ्या वर्गात ज्याची चूक त्यानेच उसवायची असा नियम आहे, कारण टीप उसवताना आपण कुठे कापड ओढले ते हाताला कळते.

इरण्णा_युनिफॉर्म

मी सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. नागमणी शिवण कशासाठी शिकते, हे कथेत कुठेच येत नाही. विडीच्या घरातल्या पुष्कळ बायका आमच्याकडे काम मागायला येतात आणि शिवण वर्ग केला आहे असे सांगतात. त्यांना अख्खा ब्लाऊज शिवता येतो, पण आमच्याकडे अख्खा कपडा कोणी शिवतच नाही. एक जण दिवसभर कॉलर लावते, एक जण खिसा लावते, आणि मजुरी नगावर मिळते. विजेच्या मशीनवर सरळ आणि एकसारखी टीप वेगाने आली नाही तर पहिल्या महिन्यात हातात फार थोडे पैसे पडतात आणि बाई काम सोडते. मुंढ्याचे हे ज्ञान तिला तिथे उपयोगी पडत नाही, कारण बेतणी करणारा कटिंग मास्टर वेगळा असतो.

नागमणीची कात्री इतकी चांगली असेल तर तिने बेतणीकडे जावे, असे वाचताना वाटले. मात्र आमच्याकडे थरांवर थर रचून मशीनने कापतात आणि ते काम मी अजून तरी पुरुषांकडेच पाहिले आहे. ते तसे का, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

अनुराधा_सोलापूर

इरण्णा, हा प्रश्न मी टाळला होता, हे मान्य करते. नागमणीला घरी बसून ब्लाऊज शिवायचे आहेत, असे माझ्या मनात होते, कारण विडी वळायला लागते तशी घरातली जागा आणि घरातली वेळ तिला सोडता येत नाही. पण घरकुलातल्या शेजारणी ब्लाऊजची शिलाई किती देऊ शकतील, याचा हिशेब मी केलेला नाही.

प्रमोद_बार्शी

विषय निघाला म्हणून सांगतो, पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी हा व्यवसाय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. शालनबाईंना जुनी मशीन घ्यावी लागली नसती.

वंदना_नाशिक

प्रमोदजी, योजना हाताने काम करणाऱ्या स्वयंरोजगारी कारागिरांसाठी आहे आणि एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. शालनबाई स्वतः शिवतात म्हणून त्या शिंपी आहेतच, पण वर्गासाठी चार मशीन हा वेगळा भाग झाला. मी विचारायला गेले तेव्हा दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली, त्यामुळे कथेत हे न घातलेलेच बरे.

सुलभा_काकू

मास्तरांनी सांगितले तसे एका गिऱ्हाइकावर करून पाहिले. छाती ४४. मी नेहमी आठ इंच मुंढा ठेवते, या वेळी काखेत पट्टी धरून मोजले तर साडेसहा आले, अर्धा इंच मिळवून सात ठेवला आणि बाही पाऊण इंच रुंद केली. दोन्ही गोलायाही मोजल्या. दंडाची तक्रार गेली आणि हात वर केल्यावर पट्टी पूर्वीपेक्षा बरीच कमी उचलली जाते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण ती बाई पोळ्या लाटायला पुढे वाकल्या की पाठीमागे मुंढ्यापाशी ओढ बसते, जी आधीच्या आठ इंचांच्या ब्लाऊजमध्ये बसत नव्हती. मुंढा पुन्हा खोल करायचा मोह आवरून ब्लाऊज तसाच ठेवला आहे.

भास्कर_मास्तर

मोह आवरलात ते फार चांगले झाले. त्यांना हात पुढे बांधून उभे करा आणि पाठीवर एका मुंढ्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, खांद्याच्या चार इंच खाली, आडवे माप घ्या. तेच माप ब्लाऊजच्या पाठीवर घ्या आणि दोन्ही इथे लिहा. पाठीचा गळा किती खोल आहे तेही सांगा, कारण गळा फार खोल असेल तर मी वर जे लिहिले ते तसेच्या तसे लागू होईल याची मला खात्री नाही.

सुलभा_काकू

मागचा गळा नऊ इंच आहे आणि त्याला दोरी आहे. त्या बाई शुक्रवारी येणार आहेत. पाठीचे माप घेऊन कळवते.